चाळीस अंशांवर अडलेलं प्रथिन

आपल्या पेशींमध्ये तयार होणारी कितीतरी प्रथिनं जिथे तयार होतात, तिथे त्यांचं काहीच काम नसतं. स्वादुपिंडातली पेशी इन्सुलिन बनवते ते रक्तात सोडण्यासाठी. पेशीच्या पटलावर बसून बाहेरचे निरोप घेणारी प्रथिनंसुद्धा आत खोलवर, आंतर्द्रव्यजालिकेत जन्माला येतात. तिथून ती गॉल्जी संकुलात जातात, तिथे त्यांच्या अंगावरच्या शर्करेच्या साखळ्यांची काटछाट होते आणि मग ती पटलापर्यंत पोचतात. शाळेच्या पुस्तकात हा रस्ता दोन-तीन बाणांनी दाखवलेला असतो. ते बाण काढायला आधाराला काय होतं, आणि त्या बाणांच्या जागी प्रत्यक्ष हालचाल कधी दिसली, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

बाण काढले जॉर्ज पॅलेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६०च्या दशकात. त्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ कापांना काही मिनिटं किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलं. तेवढ्या वेळात तयार झालेली प्रथिनं किरणोत्सारी झाली. मग साधं अमिनो आम्ल देऊन काही काप लगेच, काही थोड्या वेळाने, काही त्याहून उशिरा रसायनात बुडवून स्थिर केले आणि किरणोत्सार कुठे आहे ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आधी तो आंतर्द्रव्यजालिकेवर होता, मग गॉल्जीजवळ, मग स्रावाच्या पुटिकांमध्ये. या कामासाठी पॅलेड यांना १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पद्धत अतिशय विचारपूर्वक रचलेली होती, पण तिच्यात एक अडचण होती जी कितीही कौशल्याने दूर होणारी नव्हती. प्रत्येक चित्र वेगळ्या पेशीचं होतं आणि ती पेशी चित्र काढण्याआधी मारावी लागत होती. दोन चित्रांच्या मधे काय घडलं, प्रथिन कशात बसून गेलं, सरळ गेलं की अडखळत, याचा फक्त अंदाज करता येत होता.

जिवंत पेशीत एकाच प्रथिनाचा माग काढायचा तर दोन गोष्टी हव्यात. ते प्रथिन पेशीतल्या हजारो प्रथिनांमधून वेगळं उठून दिसलं पाहिजे, आणि तसं दिसण्यासाठी पेशीला भोक पाडून बाहेरून काही घालावं लागता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या त्या एका जेलीफिशमुळे.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बर इथे १९६१च्या उन्हाळ्यात ओसामू शिमोमुरा आणि फ्रँक जॉन्सन यांनी 'इक्वोरिआ व्हिक्टोरिआ' या जेलीफिश हजारोंनी पकडल्या. या जेलीफिशच्या छत्रीच्या कडेला हिरवट उजेड पडतो, तो कशामुळे ते त्यांना शोधायचं होतं. ज्या प्रथिनामुळे प्रकाश निर्माण होतो, ते इक्वोरिन, त्यांना सापडलं. पण इक्वोरिनचा उजेड निळा होता. तो हिरवा होतो, कारण जेलीफिशमध्ये त्याच्या शेजारी आणखी एक प्रथिन असतं. निळ्या उजेडाची ऊर्जा ते घेतं आणि हिरव्या रंगात परत सोडतं. हेच हिरवं प्रतिदीप्त प्रथिन. प्रयोगशाळेत सगळे त्याला जीएफपी म्हणतात आणि इथेही तेच नाव वापरतो.

पुढची तीस वर्षं जीएफपी हा विषय मोजक्या लोकांपुरता राहिला. १९९२ साली वुड्स होल इथल्या डग्लस प्रॅशर यांनी त्याचं जनुक वेगळं करून त्याचा पूर्ण क्रम प्रसिद्ध केला. पण एक शंका अनेकांच्या मनात होती. प्रथिनाच्या आत रंग धरणारा भाग तयार व्हायला जेलीफिशमधली दुसरी विकरं लागत असतील, तर नुसतं जनुक दुसऱ्या जिवात घालून काय उपयोग? प्रॅशर यांनी ते जनुक मागणाऱ्यांना मोकळेपणाने पाठवलं. त्यातले एक होते कोलंबिया विद्यापीठातले मार्टिन चॅल्फी. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थिनी गिया युस्कर्चेन यांनी ते जनुक जिवाणूत घातलं आणि जिवाणू हिरवे चमकले. पाठोपाठ एका सूक्ष्म गोलकृमीच्या स्पर्शज्ञान देणाऱ्या चेतापेशी तशाच चमकल्या. १९९४च्या फेब्रुवारीत हे काम प्रसिद्ध झालं आणि शंका संपली. जेलीफिशची दुसरी कोणतीही मदत लागत नव्हती.

असं का, ते जीएफपीच्या रचनेत आहे. ही २३८ अमिनो आम्लांची साखळी आहे. ती घडी होऊन एका बंद पिंपाचा आकार घेते. अकरा पट्ट्या उभ्या लागून त्याची भिंत बनते. पिंपाच्या मध्यावर ६५, ६६ आणि ६७ या क्रमांकांची तीन अमिनो आम्लं शेजारीशेजारी येतात. घडी नीट बसली की ती आपणहून एकमेकांशी रासायनिक बंध करतात आणि त्यांचं एक वलय तयार होतं. हे वलय म्हणजेच निळा उजेड शोषून हिरवा सोडणारा भाग. त्याला पेशीकडून हवा असतो फक्त ऑक्सिजन. बाकी सगळं साखळीच्या क्रमातच लिहिलेलं आहे, आणि तो क्रम जनुकात आहे. म्हणून आपल्याला हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला जीएफपीचं जनुक जोडलं, की पेशी दोन्ही मिळून एकच लांब साखळी बनवते. तिचं एक टोक आपलं प्रथिन, दुसरं टोक चमकणारं पिंप. खूण पेशी स्वतःच बनवते आणि ती प्रत्येक प्रतीवर लावूनच बाहेर पाठवते. त्याच १९९४ साली टल हेझलरिग यांनी फळमाशीच्या 'एक्झुपेरान्शिया' या प्रथिनाला असं जोडकाम करून ते अंड्यात कुठे कुठे असतं ते दाखवलं होतं.

जेलीफिशमधलं मूळ प्रथिन मात्र आपल्या कामाला फारसं सोयीचं नव्हतं. थंड समुद्रातल्या जिवाचं ते प्रथिन, ३७ अंशांवर त्याची घडी नीट बसत नसे, आणि त्याला सर्वांत जास्त भावणारा उजेड जंबुपार म्हणजे पेशीला घातक असा होता. रॉजर चेन यांनी ६५व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललं आणि प्रथिन निळ्या उजेडावर जास्त तेजाने, शिवाय लवकर, चमकू लागलं. इतरांनी आणखी बदल करून घडीचा प्रश्न बराच सोडवला. आज प्रयोगशाळेत जीएफपी म्हणून जे वापरलं जातं, ते असं सुधारलेलं असतं. २००८चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि चेन यांना मिळालं. प्रॅशर यांचं नाव त्यात नव्हतं, आणि मला ते आजही खटकतं, कारण त्यांनी जनुक वाटलं नसतं तर बाकीच्यांना सुरुवातच करता आली नसती.

आता हा उजेड बघायचा कसा? साध्या सूक्ष्मदर्शकात उजेड खालून नमुन्यातून आरपार येतो आणि सगळंच दिसतं. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकात उजेड टाकायचा निळा, आणि बघायचा फक्त हिरवा. लेझरचा ४८८ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा झोत एका तिरक्या आरशावर पडतो. हा आरसा खास असतो. निळा उजेड तो परावर्तित करतो, हिरवा आरपार जाऊ देतो. निळा झोत त्याच्यावरून वळून भिंगातून पेशीवर पडतो. पेशीतलं जीएफपी तो शोषतं, काही नॅनोसेकंदांत त्यातली थोडी ऊर्जा गमावतं आणि उरलेली ५०९ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या उजेडाच्या रूपात सोडतं. तो उजेड त्याच भिंगातून परत येतो, आरशातून पार होतो, आणखी एका गाळणीतून जातो आणि कॅमेऱ्यावर पडतो. वाटेत परतलेला निळा उजेड अडवला जातो. म्हणून जिथे जीएफपी नाही तो सगळा भाग काळा दिसतो. या काळ्या पार्श्वभूमीमुळेच थोडेसे रेणूसुद्धा उठून दिसतात.

एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. हे कॅमेरे बहुतेक कृष्णधवल असतात. प्रत्येक ठिपक्यावर किती उजेड आला याचा ते फक्त आकडा देतात. मासिकांत छापलेल्या चित्रांतला झळझळीत हिरवा रंग नंतर संगणकावर भरलेला असतो. पण हा आकडाच पुढे कामाचा ठरतो, कारण जास्त उजेड म्हणजे जास्त रेणू, आणि रेणूंची ही वाढ-घट मिनिटामिनिटाला मोजता येते.

इथून मूळ कथेकडे येऊ. १९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेनिफर लिपिनकॉट-श्वार्त्झ यांच्या गटाने ठरवलं, की आंतर्द्रव्यजालिका ते गॉल्जी हा प्रवास जिवंत पेशीत बघायचा. त्यांच्यापुढे पहिली अडचण होती वेळेची. पेशी प्रथिनं अखंड बनवत असते. काही प्रथिनं नुकतीच निघालेली, काही अर्ध्या रस्त्यात, काही पोचलेली. सगळ्यांना जीएफपी लावलं तर सगळा रस्ता एकदम चमकेल आणि कोण कुठून कुठे चाललंय ते कळणार नाही. शिवाय जीएफपी घडी बसल्याबरोबर चमकत नाही. त्यातलं वलय पूर्ण व्हायला मिनिटांचे तास होऊ शकतात. तोवर प्रथिन पुढे निघून गेलेलं असेल. हवी होती अशी युक्ती, की सगळी प्रथिनं एका जागी अडवून ठेवता येतील, ती तिथेच चमकू लागतील, आणि मग एका क्षणी सगळी एकदम सोडता येतील.

ती युक्ती एका विषाणूच्या प्रथिनात तयार होती. व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस नावाचा हा विषाणू अमेरिका खंडात गाईगुरांना आणि घोड्यांना तोंडात फोड आणतो. लक्षणं आपल्याकडच्या लाळ्या-खुरकुतासारखी दिसतात, रोग मात्र वेगळा. त्याच्या बाहेरच्या आवरणावर एक प्रथिन असतं. ते बनवतो आपल्याच पेशीचा कारखाना, आणि ते नेहमीच्या रस्त्यानेच पटलापर्यंत पोचतं. या प्रथिनाचा एक बदललेला प्रकार संशोधकांना पूर्वीपासून माहीत होता. ४० अंश सेल्सिअसला त्याची घडी चुकते आणि घडी चुकलेलं प्रथिन आंतर्द्रव्यजालिका बाहेर सोडत नाही. तापमान ३२ अंशांवर आणलं, की तीच अडकलेली प्रथिनं नीट घडी होतात, तीन-तीनचे गट बनवतात आणि प्रवासाला निघतात. म्हणजे तापमानाने उघडणारं-मिटणारं दार.

या प्रथिनाला जीएफपी कुठल्या टोकाला लावायचं, हा निर्णय दिसतो तितका सोपा नाही. साखळीच्या सुरुवातीच्या टोकाला 'मला आंतर्द्रव्यजालिकेत घ्या' असं सांगणारा एक तुकडा असतो आणि आत शिरल्यावर तो कापून टाकला जातो. जीएफपी त्याच्याही पुढे लावलं तर तो तुकडा झाकला जाईल, नाहीतर कापला जाताना जीएफपीही त्याच्याबरोबर जाईल. म्हणून ते शेवटच्या टोकाला लावलं. पण तिथेही धोका होता. या प्रथिनाची शेपूट पटलातून पेशीच्या आतल्या बाजूला बाहेर आलेली असते आणि ती केवळ २९ अमिनो आम्लांची आहे. तिला २३८ अमिनो आम्लांचं जीएफपी जोडायचं, म्हणजे शेपटीच्या आठपट मोठं ओझं. त्यात आंतर्द्रव्यजालिकेतून निघताना पेशीची यंत्रणा ज्या खुणेला धरते, ती खूण त्याच शेपटीत आहे. ओझ्यामुळे ती खूण झाकली गेली असती तर प्रयोग तिथेच संपला असता.

म्हणून चित्रीकरणाआधी तपासणी. प्रथिन गॉल्जीतून पुढे सरकलं की त्याच्यावरच्या शर्करेच्या साखळ्या बदलतात, आणि त्यानंतर एक ठरावीक विकर त्या साखळ्या कापू शकत नाही. तापमान उतरवल्यानंतर ठरावीक वेळांनी पेशी घ्यायच्या आणि किती प्रथिनावरची साखळी अजून कापली जाते ते बघायचं. खूण लावलेलं प्रथिन आणि खूण न लावलेलं प्रथिन यांचे हे वेळ जुळले. जीएफपीने वाट अडवली नव्हती. या क्षेत्रात ज्या प्रयोगावर मी विश्वास ठेवतो, त्यात अशी तपासणी चित्राच्या आधी येते.

प्रयोगाचा दिवस साधारण असा जातो. जोडलेलं जनुक माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या, चपट्या पसरणाऱ्या पेशींमध्ये घालतात. पेशी काचेच्या पातळ पट्टीवर वाढवलेल्या असतात, कारण भिंग त्या काचेच्या जाडीसाठीच घडवलेलं असतं. रात्रभर त्या ४० अंशांवर ठेवायच्या. सकाळपर्यंत प्रथिन भरपूर जमतं आणि त्याला चमकायला पुरेसा वेळही मिळतो. अशा पेशीवर निळा झोत टाकला की पेशीभर पसरलेली बारीक जाळी उजळलेली दिसते, आणि केंद्रकाभोवती एक स्पष्ट कडं, कारण केंद्रकाचं आवरण हा आंतर्द्रव्यजालिकेचाच भाग आहे. नवं प्रथिन तयार होऊ नये म्हणून ते थांबवणारं औषध घालतात आणि तापमान ३२ अंशांवर आणतात. इथे बारीकसारीक गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. तेल लावून काचेला भिडवलेलं भिंग हे धातूचं जड नळकांडं असतं. ते खोलीच्या तापमानाला असेल तर नेमक्या बघायच्या पेशीतूनच उष्णता ओढून घेतं. पेटीतला तापमापक ३२ दाखवत असतो आणि भिंगाखालची पेशी त्याहून थंड असते. म्हणून भिंगालाही वेगळा तापवणारा पट्टा बांधतात.

तापमान उतरल्यावर काही मिनिटांतच जाळीवर ठिकठिकाणी ठळक ठिपके उमटू लागतात. ते केंद्रकाजवळच नव्हे, पेशीच्या पार कडेलासुद्धा उमटतात. ठिपका काही वेळ जागेवर थांबतो, मोठा होतो, आणि मग एकदम निघतो. थोडं अंतर सरळ रेषेत जातो, थबकतो, पुन्हा निघतो, आणि केंद्रकाशेजारच्या गॉल्जीत मिसळून जातो. वेग भरात असताना सेकंदाला एक मायक्रोमीटरच्या घरात असतो. पेशीच्या कडेपासून गॉल्जीपर्यंतचं वीस-पंचवीस मायक्रोमीटरचं अंतर अशा वेगाने अर्ध्या मिनिटात पार होतं. एवढी मोठी वस्तू पेशीच्या दाट द्रवात नुसती इकडेतिकडे भरकटत गॉल्जीला लागेल, तर त्याला कितीतरी जास्त वेळ लागेल. म्हणजे कोणीतरी तिला ओढत होतं.

ते कोण, हेही त्यांनी शोधलं. पेशीत सूक्ष्मनलिकांचं जाळं असतं आणि बहुतेक नलिकांची एक बाजू केंद्रकाजवळ जमते. नोकोडॅझोल या औषधाने नलिका विरघळवल्या, तेव्हा ठिपके उमटले पण केंद्रकाकडे निघाले नाहीत. मग नलिकांवरून आतल्या दिशेने चालणाऱ्या डायनीन या वाहक प्रथिनाचं काम बिघडवलं, तेव्हाही प्रवास अडला. जॉन प्रेस्ली आणि सहकाऱ्यांचा हा लेख १९९७ साली 'नेचर'मध्ये आला. पॅलेड यांच्या पहिल्या बाणाच्या जागी आता ओढणारी यंत्रणा, रुळ आणि वेग आला होता.

पुढच्या वर्षी याच गटातल्या कोरेट हिर्शबर्ग यांनी त्या उजेडाचे आकडे घेतले. त्यासाठी त्यांनी एक उलटी गोष्ट केली. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकात एक बारीक छिद्र असतं. ते पेशीच्या एकाच पातळ थरातला उजेड घेऊन बाकीचा अडवतं, म्हणून चित्र धारदार येतं. हिर्शबर्ग यांनी ते छिद्र मोठं उघडलं. चित्र पुसट झालं, पण पेशीच्या सगळ्या जाडीतला उजेड मोजणीत आला आणि एकही रेणू हिशेबातून सुटला नाही. मग गॉल्जीभोवती एक रेघ ओढायची, पेशीभोवती दुसरी, आणि प्रत्येक चित्रात दोन्हींच्या आतला उजेड मोजायचा.

हिशेब निघाला तो असा. आंतर्द्रव्यजालिकेत ज्या क्षणी जेवढं प्रथिन असेल, त्याचा दर मिनिटाला २.८ टक्के भाग बाहेर पडतो. गॉल्जीतूनही त्याच तऱ्हेने मिनिटाला सुमारे ३ टक्के. तळाशी तोटी असलेली पाण्याची टाकी सोडून दिली तर पातळी जसजशी उतरते तशी धार बारीक होत जाते, तसंच इथे होतं. शंभर रेणूंनी सुरुवात केली तर साधारण पंचवीस मिनिटांनी पन्नास उरतात, आणखी पंचवीस मिनिटांनी पंचवीस. गॉल्जीतला उजेड अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत जास्त होतो आणि मग ओसरतो, तोवर पटलाची कड उजळू लागलेली असते. महत्त्वाचं म्हणजे थोडं प्रथिन असलेल्या आणि भरपूर प्रथिन असलेल्या पेशींमध्ये हा टक्का सारखाच राहिला. बाहेर काढणारी यंत्रणा तोकडी असती तर भरलेल्या पेशींत टक्का घसरला असता. तो घसरला नाही, म्हणजे या रस्त्यावर बरीच जागा मोकळी होती. किरणोत्सारी पद्धतीत लाखो पेशींची सरासरी मिळते. इथे एका पेशीचा, तिच्याच आयुष्यातला हिशेब मिळाला.

याच साधनाने आणखी एक समजूत मोडली. ४० अंशांवर अडकलेलं, घडी चुकलेलं प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत कुठेतरी घट्ट धरून ठेवलेलं असणार, असं वाटणं स्वाभाविक होतं. तपासायला सोपं आहे. जीएफपीवर अतिशय प्रखर झोत टाकला की त्याचं वलय कायमचं निकामी होतं आणि ते विझतं. जाळीच्या एका छोट्या चौकोनात असं सगळं विझवायचं आणि वाट बघायची. प्रथिन घट्ट बांधलेलं असेल तर तो चौकोन काळाच राहील. तो काळा राहिला नाही. काही सेकंदांत आजूबाजूचं न विझलेलं प्रथिन आत सरकलं आणि चौकोन पुन्हा उजळला. म्हणजे घडी चुकलेलं प्रथिन जालिकेत सगळीकडे मोकळं फिरत असतं. फक्त बाहेर जाणाऱ्या दारातून त्याला आत घेतलं जात नाही.

हे सगळं वाचताना एक वाक्य मनाशी पक्कं धरायला हवं: उजेड जीएफपी कुठे आहे ते सांगतो. आपलं प्रथिन तिथेच आहे, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. सर्वांत नेहमीची फसगत म्हणजे पेशीतली विकरं जोडणीच्या जागी साखळी कापतात आणि जीएफपी सुटं होतं. सुटं जीएफपी इतकं लहान असतं की केंद्रकाच्या आवरणातल्या छिद्रांतून ते आत-बाहेर करतं, आणि सगळी पेशी, केंद्रकासकट, एकसारखी हिरवी दिसते. नवखा विद्यार्थी त्यावरून 'माझं प्रथिन केंद्रकात जातं' असं लिहून मोकळा होतो. खरं काय ते कळायला पेशी फोडून त्यातली प्रथिनं वजनानुसार जेलमध्ये वेगळी करायची आणि जीएफपी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने तपासायची. जीएफपीचं वजन २७ किलोडाल्टन. पट्टा आपलं प्रथिन अधिक २७ एवढ्या जागी आला तर जोडणी शाबूत आहे. नुसत्या २७वर आला तर आपण इतका वेळ सुट्या खुणेचे फोटो काढत होतो.

दुसरी फसगत अधिक छुपी, आणि ती याच लिपिनकॉट-श्वार्त्झ गटाने २००३ साली उघड केली. आंतर्द्रव्यजालिकेच्या काही प्रथिनांना पेशीद्रवाच्या बाजूने जीएफपी लावून ती भरपूर प्रमाणात बनवली, की जालिकेच्या जागी एकावर एक रचलेल्या पटलांच्या चकत्या आणि भोवऱ्यासारख्या गुंडाळ्या दिसत. त्या प्रथिनाचंच हे काम असेल असं वाटावं, इतक्या त्या सुबक. कारण निघालं जीएफपी. दोन जीएफपी रेणू एकमेकांना किंचित चिकटतात. एका पटलावरचं शेजारच्या पटलावरच्याला चिकटतं, अशी लाखो हलकी चिकटणं मिळून पटलं एकमेकांवर ओढली जातात. जीएफपीमधलं २०६ क्रमांकाचं एक अमिनो आम्ल बदललं की ही चिकट जाते, आणि तो बदल केलेलं जीएफपी वापरल्यावर गुंडाळ्या नाहीशा झाल्या. आज बरेच लोक हा बदललेला प्रकारच वापरतात. तरीही जालिकेचा विचित्र आकार दिसला, की मंद चमकणाऱ्या पेशी आधी बघाव्यात. जिथे प्रथिन थोडं आहे तिथेही तो आकार असेल तरच त्याला अर्थ आहे. दुर्दैवाने छापायला निवडल्या जातात त्या सर्वांत झळझळीत पेशी, आणि बहुधा त्याच सर्वांत बिघडलेल्या असतात.

काळोखही फसवतो. लयकारिकेच्या आत आम्ल असतं आणि तिथे नेहमीचं जीएफपी जवळजवळ विझतं. प्रथिन तिथे पोचून साठत असतं, चित्रात मात्र ते नाहीसं झाल्यासारखं दिसतं. उलट पेशीची स्वतःचीही थोडी चमक असते. जीएफपी न घातलेल्या पेशी त्याच झोताखाली, तेवढाच वेळ बघितल्याशिवाय मंद हिरवळीवर काही निष्कर्ष काढू नये. आणि निळा झोत स्वतःच पेशीला त्रास देतो. दर सेकंदाला चित्र घेत राहिलं तर जीएफपी विझत जातं आणि पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू तयार होतात. चपटी पेशी गोल होऊ लागली, कडा आत ओढू लागली, की त्यानंतरचं चित्रीकरण निरोगी पेशीचं राहत नाही. अनुभवी माणूस म्हणूनच चित्र थोडं दाणेदार आलं तरी झोत मंद ठेवतो.

एक मर्यादा मात्र कोणत्याही काळजीने टळत नाही, ती उजेडाचीच. दोन वस्तू साधारण २०० ते २५० नॅनोमीटरपेक्षा जवळ असतील तर साध्या प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाला त्या एकच दिसतात. १९९७च्या चित्रांतला तो उमटून निघून जाणारा ठिपका आतून कसा आहे, एक पुटिका आहे, पुटिकांचा घोळका आहे की आणखी काही, हे त्या चित्रांवरून सांगता येणं शक्यच नव्हतं. त्यासाठी लिपिनकॉट-श्वार्त्झ यांच्या गटाने पुढे दोन पद्धती एकाच पेशीवर वापरल्या. आधी जिवंत पेशीत चमकणारं प्रथिन वाटेवर सोडलं, मग योग्य क्षणी पेशी क्षणार्धात गोठवली आणि तोच ठिपका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने नॅनोमीटरच्या बारकाव्याने थर काढत काढत पाहिला. २०२१ साली ऑब्री वायगेल आणि सहकाऱ्यांनी ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या ठिकाणी आंतर्द्रव्यजालिकेला एका अरुंद मानेने जोडलेलं, एकमेकांत गुंतलेल्या नळ्यांचं एक छोटं जाळं होतं. निवड करणारी प्रथिनं त्या मानेपाशी बसलेली होती, आणि पुढे निघणारा माल त्या नळ्यांमध्ये भरलेला होता. पुस्तकात दाखवतात तशा सुट्या गोल पुटिका तिथे दिसल्या नाहीत.